कांद्याच्या घाऊक मागणीची चौकशी आली तर : पहिले उत्तर आणि भाव सांगण्याआधी विचारायचे प्रश्न

जुलै महिना आहे. तुमच्या गटाच्या किंवा शेतकरी उत्पादक कंपनीच्या सभासदांचा उन्हाळी कांदा चाळीत आहे. सकाळी मोबाईलवर अनोळखी क्रमांकावरून संदेश येतो : ‘कांदा पाहिजे. १०० टन. नागपूर पोहोच. चांगला माल. बेस्ट रेट पाठवा. अर्जंट.’

अशा संदेशाला बहुतेक जण लगेच भाव कळवून टाकतात. दुसरा कोणी आधी कळवेल, अशी धास्ती असते. पण या संदेशात भाव काढण्यापुरतीही माहिती नाही. ‘चांगला माल’ म्हणजे किती मिलिमीटरचा, १०० टन एकदम की महिनाभरात, नागपूर म्हणजे कळमना बाजार की बुटीबोरीचे गोदाम, आणि वजन कोणत्या काट्यावरचे, यातले काहीच त्यात नाही. यातल्या प्रत्येक उत्तराने भाव किलोमागे काही पैशांपासून एक-दोन रुपयांपर्यंत हलतो. म्हणून पहिल्या उत्तरात भाव नसावा. त्यात पोच असावी आणि प्रश्न असावेत.

खालील माहिती निफाड परिसरातून नागपूरकडे जाणाऱ्या उन्हाळी कांद्याचे उदाहरण धरून दिली आहे. त्यातले भाव, भाडे व टक्केवारी हिशेबाची रीत समजावी एवढ्यासाठी घेतली आहे. तुमच्या मालाचे व त्या दिवसाचे आकडे तुम्ही घालावेत.

पोच कशी द्यावी

पोच शक्यतो एक-दोन तासांत द्यावी. मोठा खरेदीदार एकाच वेळी पाच-सहा ठिकाणी विचारत असतो. ज्याच्याकडून संध्याकाळपर्यंत काहीच उत्तर येत नाही, त्याचे नाव तो बाजूला ठेवतो. मात्र लवकर उत्तर देणे म्हणजे लवकर भाव देणे नव्हे.

पोचेमध्ये चार गोष्टी पुरतात. मागणी मिळाली, तुम्ही ती काय समजलात, सध्या तुमच्याकडे कोणता माल आहे, आणि भाव कधी कळवाल. ‘काय समजलात’ हे पुन्हा लिहिण्याचा फायदा असा की खरेदीदाराच्या मनात वेगळे असेल तर ते तिथेच बाहेर येते. नमुना असा :

‘नमस्कार सर. आपली चौकशी मिळाली. आपल्याला साधारण १०० टन कांदा नागपूर पोहोच हवा आहे, असे आम्ही समजतो. आमच्या सभासदांकडे चाळीत साठवलेला उन्हाळी लाल कांदा आहे. नेमका भाव काढण्यासाठी खालील माहिती हवी आहे. ती मिळाल्यावर चाळीतील मालाची चाचणी करून दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत भाव कळवतो. कंपनीच्या वतीने मीच बोलेन, हाच क्रमांक.’

शेवटचे वाक्य फार महत्त्वाचे आहे. गटातले तीन जण वेगवेगळे बोलू लागले की खरेदीदाराकडे तीन भाव जातात आणि तो सर्वांत खालचा धरून बसतो. बोलणारा एकच ठरवावा. बाकीच्यांनी फोन आला तर त्याचाच क्रमांक द्यावा.

पोचेत काय नसावे, हेही पाहा. ‘स्टॉक आहे, होऊन जाईल’ असे लिहू नये. ‘ठीक आहे’ किंवा नुसता अंगठाही पाठवू नये. १०० टनांच्या संदेशाखाली तुमचा अंगठा दिसला की समोरचा तो होकार धरतो आणि पुढची सगळी बोलणी त्यावरून सुरू होते. तसेच चाळीतल्या सर्वांत देखण्या कांद्याचा फोटोही आताच पाठवू नये. गाडी पोहोचल्यावर प्रत्येक गोणीची तुलना त्या फोटोशी होते.

कांदा कशासाठी हवा आहे?

गुणवत्तेचे प्रश्न विचारताना पहिला प्रश्न हा असावा, कारण पुढचे निम्मे प्रश्न त्याच्या उत्तरातून सुटतात. हॉटेल, वसतिगृह किंवा कॅन्टीनला पुरवठा करणाऱ्याला मोठा कांदा हवा असतो. सोलायला व कापायला मजुरी कमी लागते. त्याला वरची पत्ती थोडी निघालेली चालते. दुकानातून किंवा मॉलमधून किरकोळ विकणाऱ्याला मध्यम आकार, चकाकी आणि घट्ट पत्ती हवी असते. ग्राहक हाताने निवडून घेतो, त्यामुळे काजळी आलेला कांदा त्याला अजिबात चालत नाही. आणि समोरचा निर्जलीकरणाचा, म्हणजे कांदा वाळवण्याचा कारखाना चालवत असेल तर त्याला बहुधा पांढरा कांदा लागतो. मग लाल कांद्याची बोलणी तिथेच थांबवावी. दोघांचाही वेळ वाचतो.

त्यानंतर आकार. बाजार समितीत आपण सुपर, मध्यम, गोल्टी असे म्हणतो, पण हे शब्द प्रत्येक बाजारात वेगळे अर्थ घेतात. पिंपळगावचा मध्यम आणि नागपूरचा मध्यम एकच असेल असे धरू नका. आकार मिलिमीटरमध्येच विचारावा : ४५ मिमीच्या वरचा की ५५ मिमीच्या वरचा? वरची मर्यादा आहे का? आणि त्यापेक्षा लहान कांदा शंभरात किती चालेल? हा शेवटचा प्रश्न लोक विसरतात. हाताने केलेल्या प्रतवारीत थोडा लहान कांदा जातोच. पाच टक्क्यांची सूट लेखी नसेल तर त्या थोड्या कांद्यावरून अख्ख्या गाडीचा भाव पाडला जातो.

दोष विचारताना मोघम ‘खराब माल किती चालेल’ असे विचारू नये. सड, कोंब आलेला, काजळी, जोड कांदा, डेंगळ्याचा कांदा आणि पत्ती गेलेला कांदा हे वेगवेगळे विचारावेत. सड कोणालाच नको असते. पण जोड कांदा कॅन्टीनला चालतो आणि मॉलला चालत नाही. पावसाळी हवेत चाळीतल्या कांद्यावर काजळी वाढते, त्यामुळे जुलै-ऑगस्टच्या मागणीत हा प्रश्न सोडू नये. सप्टेंबरपासून पुढे कोंबाचा प्रश्न तितकाच महत्त्वाचा होतो.

मालाचा आकार विचारताना तुमच्याकडे किती टक्के माल त्यात बसतो, हे तुम्हाला माहीत हवे. ते अंदाजाने सांगू नये. प्लायवूडच्या तुकड्याला ४५ आणि ५५ मिमी व्यासाची भोके पाडून घ्यावीत. चाळीच्या वरच्या, मधल्या आणि तळाच्या थरातून, वेगवेगळ्या कप्प्यांतून, प्रत्येकी एक क्रेट कांदा काढावा. तळाचा माल काढायला कंटाळा केला तर चाचणी फसते, कारण सड आणि दाब तिथेच जास्त असतो. क्रेट वजन करून ओतावे. भोकातून जाणारा, न जाणारा आणि टाकाऊ असे ढीग करून प्रत्येकाचे वजन घ्यावे. तीन-चार सभासदांच्या चाळीत अर्ध्या दिवसात हे काम होते. पोचेत ‘दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत’ असे म्हटले ते यासाठीच.

आपल्या उदाहरणात १०० किलो चाळीच्या कांद्यात ५५ मिमीच्या वरचा ७८ किलो निघाला, ४५ ते ५५ मिमीमधला १२ किलो, त्याखालची गोल्टी ६ किलो आणि टाकाऊ ४ किलो. हे आकडे पुढे लागतील.

किती, आणि किती दिवसांत?

‘१०० टन’ हा बोलण्यातला आकडा असतो. पहिला प्रश्न : ही एका वेळची खरेदी आहे की महिन्याची गरज? दुसरा : पहिली गाडी कधी, आणि दोन गाड्यांत किती दिवसांचे अंतर? तिसरा : पहिली गाडी नमुना म्हणून आहे की सगळ्या मालाचा सौदा आधीच होणार? बरेच खरेदीदार १०० टन सांगून एकच गाडी घेतात. त्यात गैर काही नाही, पण मग १०० टनांच्या आशेने भाव उतरवून देऊ नये.

प्रमाण टनांऐवजी गाड्यांत बोलावे. साध्या दहाचाकी ट्रकमध्ये साधारण १८ टन कांदा जातो असे धरा. १०० टनांच्या पाच गाड्या पूर्ण होतात आणि १० टन उरतो. या सहाव्या अर्धवट गाडीचे भाडे जवळपास पूर्णच लागते. म्हणून खरेदीदाराला सरळ विचारावे : ९० टन, म्हणजे पाच गाड्या घ्याल की १०८ टन, म्हणजे सहा? बहुतेकांना कुठलेही चालते, फक्त त्यांना कोणी विचारलेले नसते.

मग आपल्या बाजूचा हिशेब. ५५ मिमीच्या वरचा ९० टन कांदा द्यायचा तर १०० किलोत ७८ किलोच बसतो, म्हणून चाळीतला सुमारे ११५ टन कांदा फोडावा लागेल. ४५ मिमीच्या वरचा असेल तर १०० टन पुरेल. २५ टनांच्या चाळी धरल्या तर हा फरक अर्ध्याहून जास्त चाळीचा आहे. फोडलेल्या चाळीतला उरलेला माल परत भरून ठेवला तर हाताळणीने पत्ती जाते, जखमा होतात आणि तो लवकर खराब होतो. तेव्हा चाळ फोडली की उरलेल्या मालाला गिऱ्हाईक पाहिजे. हे लक्षात घेऊनच किती सभासदांच्या चाळी या सौद्यात धरायच्या ते ठरवावे.

पुरवठा ऑगस्ट-सप्टेंबरपर्यंत पसरलेला असेल तर आणखी एक गोष्ट विचारात घ्यावी. चाळीतला कांदा रोज वजन गमावतो, आणि पावसाळ्यात सडही वाढते. आज १०० किलो असलेला माल दीड महिन्याने १०० किलो नसतो. जुलैच्या भावात सप्टेंबरची गाडी देण्याचे कबूल करणे म्हणजे ती घट स्वतःच्या खिशातून भरणे. अशा वेळी फक्त पहिल्या एक-दोन गाड्यांचा भाव द्यावा. पुढच्या गाड्यांचा भाव कसा ठरेल तेवढेच लिहावे.

नागपूर म्हणजे नक्की कुठे?

गोदामाचे नाव, पत्ता आणि मोबाईलवरचे लोकेशन मागावे. कळमना बाजार शहराच्या पूर्वेला आहे आणि बुटीबोरी शहराच्या दक्षिणेला तीसेक किलोमीटरवर आहे. वाहतूकदार भाडे सांगताना हाच प्रश्न आधी विचारतो. निफाडहून समृद्धी महामार्गाने नागपूर सुमारे सहाशे किलोमीटर पडते, त्यामुळे शेवटचे तीस किलोमीटर भाड्यात फार वाटत नाहीत. पण शहरातून जायचे असेल तर दिवसा जड वाहनांना प्रवेशबंदीच्या वेळा असतात आणि गाडी बाहेर थांबते. म्हणून माल कोणत्या वेळेत उतरवून घेतात, रविवारी घेतात का आणि गाडी थांबली तर थांबण्याचे पैसे कोणाकडे, हे विचारावे. पावसाळ्यात ताडपत्रीखाली कांदा एक दिवस जास्त राहिला तर तो घामेजतो. उतरवताना जी सड दिसते तिचा दोष मग तुमच्या मालाला लागतो.

ठिकाणाबरोबरच वजनाचा प्रश्न विचारावा, कारण दोन्ही एकाच धाग्याने बांधलेले आहेत : पैसे इथल्या काट्याच्या वजनावर मिळणार की तिथल्या? निघताना भरलेल्या व रिकाम्या गाडीची काटा पावती तुमच्याकडे असते. वाटेत कांद्यातले पाणी उडते आणि वजन घटते. तिथले वजन धरायचे असेल तर ही घट भावात धरावी लागते. इथले धरायचे असेल तर खरेदीदार किती टक्के तूट मान्य करतो ते लिहून घ्यावे. मधला मार्ग म्हणजे इथले वजन धरायचे, आणि तिथे दोन टक्क्यांपेक्षा जास्त फरक आला तरच कापायचा. बरेच खरेदीदार हे मान्य करतात.

पॅकिंग कशात हवे तेही याच ठिकाणी विचारा : ५० किलोची लेनो जाळी, तागाची गोणी की २५ किलोची पिशवी? कोणाच्या खर्चाने? पिशवीचे वजन कापायचे का? २५ किलोच्या पिशवीला पिशवी आणि भरण्याची मजुरी दोन्ही जवळपास दुप्पट लागतात. उतरवण्याची हमाली कोण देणार, हाही छोटा वाटणारा प्रश्न आहे, पण गाडी दारात उभी असताना तो निघाला की उत्तर नेहमी तुमच्या विरोधात जाते.

त्यांचा भाव विचारावा का?

विचारावा, आणि अवघडून न जाता विचारावा. ‘तुम्ही किती देणार’ हे उद्धट वाटते असे बऱ्याच सभासदांना वाटते. असे विचारा : ‘आपण कोणत्या भावापर्यंतचा माल पाहत आहात? तो अंदाज कळला तर त्या भावात कोणती प्रत बसते ते आम्ही सांगू शकू.’ यात मोलभाव नाही, प्रतवारीची चौकशी आहे. आणि ती खरीही आहे. ५५ मिमी त्या भावात बसत नसेल तर ४५ मिमी बसू शकतो. काही खरेदीदार आकडा सांगत नाहीत. त्यांना ‘मागची खरेदी कोणत्या प्रतीची आणि कुठून होती’ असे विचारावे. मागे कळमन्यातून घेत असतील तर तिथला त्या दिवसाचा भाव तुम्हाला समजू शकतो.

आकडा मिळाला की त्याचे तपशील विचारा. प्रति किलो की प्रति क्विंटल, पोहोच की जागेवर, पैसे कधी. पैसे गाडी भरताना मिळणार, उतरल्यावर की पंधरा दिवसांनी, हे कळल्याशिवाय भाव पूर्ण होत नाही.

आता समजा उत्तर आले : ५५ मिमीच्या वरचा, पाच गाड्या, बुटीबोरी पोहोच, लेनो जाळी, तिथले वजन, उतरवण्याची हमाली तुमची, पैसे पंधरा दिवसांत, भाव २४ रुपये किलो. २४ रुपये ऐकायला छान वाटतो. तो चाळीपर्यंत मागे आणून पाहावा.

गाडीभाडे ४५,००० रुपये धरले तर १८ टनांवर किलोमागे २.५० रुपये. जाळी ०.३०. निवड, भरणे व चढवणे मिळून १ रुपया. वाटेतली दोन टक्के घट ०.४८. उतरवण्याची हमाली ०.२०. पंधरा दिवस अडकलेल्या पैशाचे वर्षाला १२ टक्क्यांनी व्याज साधारण ०.१२. कंपनीचा खर्च ०.६०. हे सगळे मिळून ५.२० रुपये होतात. निवडलेल्या कांद्याला चाळीजवळ १८.८० रुपये उरतात.

पण शेतकरी निवडलेला कांदा पिकवत नाही. त्याच्या चाळीतल्या एका क्विंटलमधून ७८ किलो या गाडीत जातो. त्याचे १,४६६ रुपये. उरलेला मध्यम व गोल्टी मिळून १८ किलो स्थानिक बाजारात १० रुपयांनी गेला तर १८० रुपये. एकूण क्विंटलमागे १,६४६ रुपये. त्याच दिवशी बाजार समितीत न निवडलेल्या वक्कलचे वाहतूक, हमाली, तोलाई जाता १,६८० रुपये हातात पडत असतील, तर २४ रुपयांचा हा सौदा सभासदाला क्विंटलमागे ३४ रुपयांनी तोट्याचा आहे.

आता एकच उत्तर बदलून पाहा. आकार ५५ ऐवजी ४५ मिमीच्या वरचा चालत असेल तर ९० किलो गाडीत जातो, त्याचे १,६९२ रुपये. गोल्टी ६ किलो, ८ रुपयांनी ४८ रुपये. एकूण १,७४० रुपये. बाजारापेक्षा ६० रुपये जास्त. भाव तोच, गाडी तीच, गोदाम तेच. फक्त आकाराच्या एका प्रश्नावर सौदा तोट्यातून फायद्यात येतो.

आणि हा प्रश्न न विचारता ४५ मिमीचा माल भरून पाठवला असता, आणि समोरच्याच्या मनात ५५ मिमी असता, तर? गाडीतल्या दर ९० किलोमागे १२ किलो कांदा ५५ पेक्षा लहान निघाला असता. १८ टनांत तो २.४ टन होतो. सहाशे किलोमीटरवर उभ्या असलेल्या गाडीतला अडीच टन माल परत कोणी आणत नाही. खरेदीदार म्हणतो, ‘सगळ्या मालाला दोन रुपये कमी धरा.’ म्हणजे एका गाडीत ३६,००० रुपये गेले. कोणी फसवले असेलच असे नाही. दोघांच्याही मनात ‘मोठा कांदा’ होता.

प्रश्न एकदम पाठवू नयेत

वरचे सगळे प्रश्न एका संदेशात कोंबले तर तो वाचलाच जात नाही. पोचेबरोबर पाच-सहा प्रश्न पुरतात :

‘१) कांदा कोणत्या वापरासाठी हवा आहे? २) आकार किती मिमीच्या वरचा, आणि लहान कांदा किती टक्के चालेल? ३) एका वेळची खरेदी की टप्प्याने? पहिली गाडी कधी? ४) गोदामाचा पत्ता व लोकेशन. पैसे इथल्या वजनावर की तिथल्या? ५) पॅकिंग कशात? ६) आपण कोणत्या भावापर्यंत पाहत आहात आणि पैसे किती दिवसांत?’

दोष, हमाली, थांबण्याचे पैसे, पिशवीचे वजन या गोष्टी फोनवर विचाराव्यात. फोन झाल्यावर जे ठरले ते त्याच दिवशी संदेशातून लिहून पाठवावे आणि ‘बरोबर आहे का’ विचारावे. खरेदीदार परराज्यातला असेल तर हाच मजकूर हिंदीत लिहावा. मिमी आणि टक्के मात्र आकड्यांतच ठेवावेत.

उत्तरे कशी येतात त्यावरून माणूस कळतो. ज्याला खरेच माल हवा असतो तो निदान तीन-चार प्रश्नांची उत्तरे देतो आणि स्वतःही एखादा प्रश्न विचारतो : चाळीत कधी भरला, जात कोणती. जो प्रत्येक प्रश्नाला ‘आधी रेट सांगा’ एवढेच म्हणतो तो बहुधा तुमचा भाव दुसऱ्याला दाखवून घासाघीस करणारा असतो. त्याला एक ढोबळ उत्तर द्यायला हरकत नाही : ‘जागेवर, ४५ मिमीच्या वरचा, आजच्या लासलगावच्या सर्वसाधारण भावाच्या वर निवड व पॅकिंगचा खर्च.’ यात तुमचा आकडाही जात नाही आणि उत्तर दिले नाही असेही होत नाही.

खरेदीदाराचा जीएसटी क्रमांक मागावा. services.gst.gov.in या संकेतस्थळावर करदाता शोधण्याची सोय आहे, लॉगिन लागत नाही. क्रमांक टाकला की नोंदलेले नाव, पत्त्याची माहिती आणि नोंदणी चालू आहे की रद्द झाली ते दिसते. मात्र ताज्या कांद्यावर जीएसटी नाही, त्यामुळे फक्त करमुक्त माल विकणाऱ्या व्यापाऱ्याकडे नोंदणी नसू शकते. नसली म्हणून तो खोटा ठरत नाही. अशा वेळी बाजार समितीचा परवाना, बँक खात्याचे नाव आणि ज्यांच्याकडून त्याने आधी माल घेतला अशा एखाद्याचा संपर्क मागावा. उलट, ‘पुरवठादार नोंदणी शुल्क’ किंवा ‘गेट पासचे पैसे’ आधी भरा असे कोणी सांगितले, किंवा आगाऊ रक्कम मिळवण्यासाठी क्यूआर कोड स्कॅन करायला सांगितले, तर बोलणे बंद करावे. पैसे घेण्यासाठी कोड स्कॅन करून पिन टाकावा लागत नाही.

भाव कळवताना

चाचणी झाली, उत्तरे मिळाली, हिशेब झाला, की भाव कळवावा. त्यात प्रत, वजनाची जागा, पोहोचेचे ठिकाण, पैशाची मुदत आणि भावाची मुदत ही पाचही एकत्र असावीत. भावाची मुदत विसरू नये. कांद्याचा बाजार दोन दिवसांत क्विंटलला शंभर-दोनशे रुपये सहज हलतो. ‘हा भाव उद्या संध्याकाळी ६ पर्यंत, पहिल्या दोन गाड्यांसाठी’ असे लिहावे. आपल्या उदाहरणात असे लिहिता येईल :

‘सर, चाळीतील मालाची चाचणी केली. ५५ मिमीच्या वरचा माल २४ रुपयांत बसत नाही. ४५ मिमीच्या वरचा, लहान कांदा ५ टक्क्यांपर्यंत, सड नसलेला, ५० किलो लेनो जाळीत, बुटीबोरी पोहोच २४ रुपये किलो देऊ शकतो. ५५ मिमीच्या वरचा हवा असल्यास २५.५० रुपये. निम्मी रक्कम गाडी भरण्याआधी, उरलेली माल उतरल्यावर १५ दिवसांत. भाव उद्या संध्याकाळी ६ पर्यंत, पहिल्या दोन गाड्यांसाठी. दोन्ही प्रतींचा पाच-पाच किलोचा नमुना पाठवू शकतो.’

२५.५० हा आकडा कुठून आला ते पाहा. ५५ मिमीच्या मालात सभासदाला बाजाराएवढे मिळायलाच ७८ किलोवर ३४ रुपये जास्त हवेत, म्हणजे किलोला साधारण ४४ पैसे. बाजारापेक्षा ६० रुपये जास्त हवे असतील तर आणखी ७७ पैसे. दोन्ही मिळून १.२१ होतात. भाव वाढला की दोन टक्के घटीची रक्कमही थोडी वाढते. उरलेले २५ पैसे घासाघिशीला ठेवले आहेत.

नमुना पाठवताना तसाच दुसरा नमुना, त्याच दिवशी काढलेला, तुमच्याकडे जाळीत लटकवून ठेवावा आणि दोन्हींवर तारीख व सभासदाचे नाव लिहावे. गाडी पोहोचल्यावर ‘नमुन्यासारखा नाही’ असे आले तर दाखवायला काहीतरी हवे.

उत्तर आले नाही तर दुसऱ्या दिवशी एकदा आठवण करावी. त्यानंतरही शांतता असेल तर भावाची मुदत संपली असे कळवून चाळ मोकळी समजावी. चौकशीची नोंद मात्र वहीत ठेवावी : तारीख, कोण, कुठे, कोणती प्रत, कोणता भाव, काय उत्तर. बरेचदा तोच खरेदीदार सप्टेंबरमध्ये पुन्हा विचारतो, आणि तेव्हा गोदामाचा पत्ता, आकार व वजनाची अट पुन्हा विचारावी लागत नाही. फक्त ‘मागच्या वेळेसारखेच का?’ एवढे विचारावे, आणि चाळीत पुन्हा क्रेट काढून चाचणी करावी.